रात्री अकरानंतरच डोकं का चालतं? एडीएचडी आणि उशिराची झोप

दिवसभर अभ्यासिकेत बसून एक पान पुढे सरकत नाही, आणि रात्री अकरा वाजले की डोकं एकदम चालू होतं. संशोधन आराखड्याचे मुद्दे तेव्हाच सुचतात. मग 'अजून अर्धा तास' करत दोन वाजतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण असलेल्या अनेक प्रौढांचं असं होतं. घरचे याला आळस म्हणतात. खरं तर यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिली गोष्ट शरीराच्या घड्याळाची. संध्याकाळनंतर मेंदूत मेलाटोनिन तयार होऊ लागतं, ती शरीराची 'रात्र झाली' अशी खूण. नेदरलँड्समधल्या सँड्रा कोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एडीएचडी असलेल्या प्रौढांमध्ये ही खूण सरासरी दीड तास उशिरा दिसली. त्यात आणखी एक गंमत आहे. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत जास्त जागं असतं. तुम्हाला दोनला झोप येत असेल, तर अकराची तरतरी त्यातलीच. तेव्हा बळजबरीने आडवं झालात तर फक्त कूस बदलत राहाल.

दुसरी गोष्ट चालढकलीची. झोप आलेली असते, कोणी अडवत नसतं, तरी आपण मोबाइल खाली ठेवत नाही. हातातलं काम सोडून दुसऱ्याकडे वळणं एडीएचडीत मुळातच जड जातं.

आपलं नेमकं काय चुकतंय, ते नोंदीतून कळतं. दोन आठवडे वहीत चार वेळा लिहा: झोपायचं ठरवलेली, दिवा-मोबाइल बंद केल्याची, झोप लागल्याची आणि उठल्याची. झोप लागल्याची वेळ सकाळी अंदाजाने लिहा. रात्री घड्याळ बघत बसू नका.

समजा, बीडमध्ये खोली करून राहणारा एक विद्यार्थी अकराला झोपायचं ठरवतो. दिवा पावणेएकला बंद होतो, झोप दोनला लागते आणि सुट्टीच्या दिवशी जाग नऊला येते. पहिली पावणेदोन तासांची फट चालढकलीची, पुढची सव्वा तासाची घड्याळाची. मात्र तुम्ही झोप येईपर्यंत मोबाइल बघत असाल, तर दुसरी फट दिसणारच नाही. म्हणून दोन-तीन रात्री अकरालाच सगळं बंद करून बघा.

घड्याळ सकाळच्या उजेडाने मागे सरकतं. पण इथेच आपल्याकडे चूक होते. 'पहाटे चारला उठ' हा सल्ला ऐकून हा विद्यार्थी ट्यूबलाइट लावून बसला, तर त्याच्या शरीरासाठी ती अजून मध्यरात्रच असते आणि तेव्हाचा लख्ख उजेड घड्याळ आणखी पुढे ढकलतो. उजेड हवा तो आपल्या नैसर्गिक जागेच्या वेळेनंतर. त्यामुळे सुरुवात नऊपासून. उठल्या उठल्या अर्धा तास गच्चीवर किंवा रस्त्यावर, चहाही तिथेच. खोलीतला दिवा त्यासाठी फार मंद पडतो. दर तीन दिवसांनी गजर वीस मिनिटं आधी लावायचा. नऊवरून सातवर यायला सहा टप्पे, म्हणजे अठरा दिवस लागतात. रविवारीही तीच वेळ. जानेवारीत बीडला सूर्यच सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे हिवाळ्यात सातच्या आधी उठून फारसं काही हाती लागत नाही.

चालढकलीसाठी दुसरा गजर रात्री लावा: ठरवलेल्या झोपेच्या तासभर आधी, आणि टेबलापासून लांब, म्हणजे उठावंच लागेल. उठलात की मोठा दिवा बंद करा, मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा. सुचलेला मुद्दा वहीत एका ओळीत टिपा, त्याखाली उद्याचं पहिलं काम लिहा. 'आत्ता नाही केलं तर विसरेन' ही भीती त्यामुळे कमी होते. झोपेची वेळही उठण्याच्या वेळेबरोबर हळूहळूच अलीकडे आणा. पहिल्याच रात्री दहा नको. दुपारनंतरचा चहा-कॉफी बंद.

दोन्ही बाजू का लागतात, हे कोय यांच्या गटाच्या 2021 च्या चाचणीत दिसतं. तीन आठवडे रोज अर्धा मिलिग्रॅम मेलाटोनिन घेतलेल्यांचं घड्याळ सुमारे दीड तास अलीकडे आलं, पण झोपण्याची वेळ बदलली नाही. उपचार थांबल्यावर दोन आठवड्यांत घड्याळही पूर्ववत झालं. त्यामुळे गोळी मनाने सुरू करू नका. तिची वेळ चुकली तर उपयोग होत नाही.

महिन्याभरात नोंदीत काहीच हललं नाही, घोरण्यामुळे किंवा पायांच्या अस्वस्थतेमुळे झोप मोडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना ही वही दाखवा. जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि दोन-तीन तास झोपूनही दिवसेंदिवस थकवाच नाही, उलट उत्साह उतू जातोय असं वाटत असेल, तर उजेडाचा प्रयोग करण्याआधीच जा. ते दुखणं वेगळं असू शकतं.