खोलीचं भाडं आणि कापलेला क्लेम

मी फौजेतून निवृत्त झालो, त्यामुळे माझा दवाखान्याचा खर्च ईसीएचएस बघते. खासगी मेडिक्लेम कसा कापला जातो, ते मला कळलं धाकट्या भावामुळे. इंदूरला त्याच्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या दिवशी त्याचा फोन आला, "दादा, पाच लाखांची पॉलिसी आहे, बिल एक लाख चौऱ्याऐंशी हजारांचं, आणि हे म्हणतात एकोणसत्तर हजार तुम्ही भरा!"

पॉलिसीत खोलीभाड्याला रोज विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5,000 रुपयांची मर्यादा होती. त्यांनी 8,000 ची खोली घेतली होती. भावाचा हिशेब सरळ होता : चार दिवस, रोजचे 3,000 जास्त, म्हणजे 12,000 आपले. पण तसं नसतं. बऱ्याच इस्पितळांत महागड्या खोलीच्या पेशंटला सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांचे दरही जास्त लागतात. म्हणून कंपनी हा खर्चही त्याच प्रमाणात मंजूर करते. इथे प्रमाण आठास पाच.

मी बिल आणि कपातीचा तक्ता मागवून घेतला. खोली 32,000, ऑपरेशन आणि डॉक्टरांची फी 96,000, औषधं 40,000, तपासण्या 16,000. कंपनीने चारही रकमांना सरसकट आठास पाचची कात्री लावली होती आणि 1,15,000 मंजूर केले होते.

चूक इथेच होती. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2020 च्या नियमांनुसार औषधं, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. आणि खोलीनुसार दर बदलतच नसतील, अशा इस्पितळात तर ही कपात करताच येत नाही.

मग नियमाप्रमाणे हिशेब असा : खोलीचे 20,000, ऑपरेशन आणि फीचे 60,000, औषधं आणि तपासण्यांचे पूर्ण 56,000. एकूण 1,36,000. म्हणजे आपल्याकडून 48,000 जायला हवे होते. 21,000 जादा मागितले गेले.

वहिनींना घरी आणायचं होतं, म्हणून भावाने पैसे भरले. पण बाबवार बिल, पावती आणि कपातीचं लेखी कारण घेऊनच तो बाहेर पडला. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आम्ही हाच हिशेब एका पानात लिहून पाठवला. तीन आठवड्यांत 21,000 खात्यात आले. महिनाभरात उत्तर आलं नसतं, तर विमा लोकपालांकडे गेलो असतो. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

उरलेले 48,000 मात्र गेलेच, कारण ती कपात पॉलिसीत लिहिलेली होती. भरती होताना 5,000 ची खोली मागितली असती, तर तेही वाचले असते. तेव्हा आज आपल्या पॉलिसीत खोलीभाड्याची ओळ शोधा आणि तो आकडा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कारण भरती होणारा माणूस त्या वेळी पॉलिसी वाचत बसणार नाही.