मृत्यूची वेळ आणि गोठ्यातला दगड

मे महिना, विदर्भातलं एक गाव. समजा, गोठ्यात पन्नाशीचा माणूस उताणा मेलेला आढळला. सकाळी दहाला डॉक्टर पोहोचतात. सिनेमातला डॉक्टर इथे मनगट चाचपून ‘मृत्यू 11 वाजून 20 मिनिटांनी’ असं सांगून मोकळा होतो. खऱ्या डॉक्टरला ते जमत नाही.

थर्मामीटर इथे फारसा कामाचा नाही. मे महिन्यात रात्रीची हवाही तिशीच्या आसपास, मग 37 अंशांचं शरीर निवणार तरी किती? म्हणून आधी सांधे वाकवून पाहायचे. जबडा, मान, हात, पाय सगळं ताठ आहे. ही ताठरता पूर्ण यायला साधारण 12 तास लागतात, उन्हाळ्यात कमी. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट झाक मात्र अजून नाही. कुजण्याची ही पहिली खूण उन्हाळ्यात 12 ते 18 तासांत दिसते. म्हणजे मृत्यू आदल्या रात्री आठ ते पहाटे दोनच्या दरम्यानचा. शेजाऱ्याने त्याला साडेदहाला तंबाखू दिली होती, त्यामुळे सुरुवातीची हद्द पक्की झाली. अनेकदा शरीरापेक्षा शेजारीच जास्त सांगतो!

आता एक विसंगती. हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला साकळतं आणि जांभळट डाग उमटतात. सहा-आठ तासांनी ते पक्के होतात, अंगठ्याने दाबले तरी फिके पडत नाहीत. इथे माणूस उताणा, पण पक्के डाग छातीवर! म्हणजे तो बराच वेळ पालथा होता. मुलगा सांगतो, “आठ वाजता मीच बाबांना उताणं केलं.” गूढ संपलं.

शवविच्छेदनात उजव्या कानावर कवटी तडकलेली आणि आत रक्तस्राव दिसला. हे झालं मृत्यूचं कारण. ‘हृदय बंद पडलं’ हे कारण नव्हे, ते प्रत्येकाचंच बंद पडतं.

पण तो घसरला, की त्याला कुणी मारलं? हा मृत्यूचा प्रकार: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून किंवा अनिश्चित. मेंदूला मार उजवीकडे कमी आणि डावीकडे जास्त आहे. चालतं डोकं स्थिर दगडावर आदळलं की बहुधा असं होतं. स्थिर डोक्यावर काठी बसली, तर मार बहुतेक घावाखालीच दिसतो. म्हणून डॉक्टर लिहितात, ‘इजा पडण्याशी सुसंगत.’ मात्र पडला की ढकलला, हे मेंदू सांगत नाही. त्यासाठी गोठ्यातला रक्ताळलेला दगड, ओली जमीन आणि साक्षीदार बघावे लागतात. ते काम पोलिसांचं, आणि वाद झालाच तर न्यायालयाचं.

तुमच्यावर असा प्रसंग आला, तर मृतदेह हलवू नका, पुसू नका. चुकून हलवलाच, तर किती वाजता आणि कसा, हे पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा.