इन्कॉग्निटो: घरच्यांपुरता आडोसा

ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडली की ब्राउझर एक कोरे, तात्पुरते खाते सुरू करतो. त्या खिडकीत पाहिलेली पाने इतिहासाच्या यादीत चढत नाहीत, फॉर्ममध्ये भरलेला मजकूर पुढच्या वेळी आपोआप सुचवला जात नाही आणि संकेतस्थळांनी ठेवायला दिलेल्या कुकी शेवटची इन्कॉग्निटो खिडकी बंद होताच पुसल्या जातात. ॲपलच्या सफारीने ही सोय २००५ मध्ये आणली. क्रोममध्ये ती २००८ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी फायरफॉक्स व इंटरनेट एक्सप्लोरर यांनीही ती दिली. प्रत्येकाने नाव वेगळे ठेवले, पण काम एकच आहे: या यंत्रावर मागे खूण उरू नये.

‘या यंत्रावर’ ही मर्यादा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शिकागो विद्यापीठ आणि जर्मनीतील हॅनोव्हरचे लायब्निझ विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ४६० जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होते, की गूगल खात्यात लॉगिन केलेले असले तरी खासगी खिडकीतला शोध गूगलकडे साठवला जात नाही. सुमारे ४० टक्क्यांना वाटत होते, की संकेतस्थळाला आपल्या ठिकाणाचा अंदाज येत नाही. चारांपैकी एकाहून अधिक जणांच्या मते ही खिडकी व्हायरसपासूनही वाचवते. हे तिन्ही समज चुकीचे आहेत.

एक उदाहरण घेऊ. नाशिकमधल्या एका घरात एकच लॅपटॉप आहे आणि तो सगळे वापरतात. घरातील सुनेला वंध्यत्वावरच्या उपचारांची माहिती हवी आहे, पण त्याची चर्चा इतक्यात घरात व्हायला नको आहे. ती Ctrl+Shift+N दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडते, गूगलवर शोध घेते, एका उपचार केंद्राची चार पाने वाचते आणि खिडकी बंद करते. नंतर सासऱ्यांनी क्रोम उघडून ‘व’ टाइप केला, तर वंध्यत्वाची पाने सुचवली जात नाहीत. इतिहासाच्या यादीत काही सापडत नाही. दिराने त्याच केंद्राचे संकेतस्थळ उघडले, तरी आदल्या रात्रीच्या भेटीची कुकी तिथे नसते. लॅपटॉप हाताळणाऱ्या माणसापासून लपायचे असेल तर ही खिडकी आपले काम चोख करते, आणि अशी गरज पुष्कळ घरांत खरी असते.

तरीही घरातल्या घरात काही वाटा उघड्या राहतात. तिने उपचारांच्या खर्चाची पीडीएफ उतरवून घेतली असेल तर ती Downloads फोल्डरमध्ये पडून राहते. क्रोम फक्त तिची नोंद स्वतःच्या यादीतून काढतो, फाइल पुसत नाही. इन्कॉग्निटोमध्ये जपलेला बुकमार्क नेहमीच्या खिडकीतही दिसतो. मोबाइलवर सगळ्यात जास्त घात होतो तो टॅब बंद न केल्यामुळे. होम बटण दाबले की पडदा जातो, पण टॅब तसाच चालू असतो आणि फोन हाती घेणाऱ्याला ते पान जसेच्या तसे सापडते. क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत असे टॅब बोटाच्या ठशाने किंवा पिनने कुलूपबंद करायची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. शिवाय एखाद्या दुव्यावर टिचकी मारल्यावर नकाशा किंवा व्हिडिओ त्याच्या स्वतंत्र ॲपमध्ये उघडला, तर तिथून पुढे जे पाहिले जाते ते ॲपच्या नोंदीत जाते. लॅपटॉपवर कोणी पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले असेल, तर त्याला खिडकी कोणती याने काहीच फरक पडत नाही. मुलांच्या खात्यांवर पालकांचे नियंत्रण देणारे गूगलचे फॅमिली लिंक तर इन्कॉग्निटो उघडूच देत नाही.

आता दुसरी बाजू. तिने उपचार केंद्राचे पान मागवले, तेव्हा ते पान दूरच्या सर्व्हरवरून आले आणि पान देताना सर्व्हरने आपल्या वहीत एक ओळ लिहिली. ती साधारण अशी असते (येथे थोडी संक्षिप्त केली आहे):

```
203.0.113.25 [14/Feb/2025:23:12:05 +0530]
"GET /upchar/ivf" 200 "https://www.google.com/"
"Mozilla/5.0 (Windows NT 10.0) Chrome/132.0.0.0"
```

सुरुवातीचा आकडा म्हणजे घरच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता. त्यावरून इंटरनेट पुरवणारी कंपनी कळते आणि शहराचा अंदाज येतो; गल्ली किंवा घर नाही. त्यानंतर तारीख आणि वेळ: रात्री अकरा वाजून बारा मिनिटे. मग मागवलेले पान कोणते, ती व्यक्ती कुठून आली आणि शेवटी ब्राउझर व संगणकाची प्रणाली. गूगलमध्ये नेमके कोणते शब्द शोधले ते मात्र या ओळीत येत नाही, कारण गूगल आता आपल्याकडून बाहेर पाठवताना फक्त स्वतःचा पत्ता पुढे देतो. खिडकी इन्कॉग्निटो होती की साधी, याचाही या ओळीत कुठे उल्लेख नाही. दोन्ही खिडक्यांतून गेल्यास ओळ तशीच पडते, आणि लॅपटॉपवरची खिडकी बंद केल्याने ती पुसली जात नाही, कारण ती लॅपटॉपवर नसतेच.

त्या केंद्राच्या पानावर भेटीची वेळ ठरवण्यासाठी नाव आणि मोबाइल नंबर भरला, तर मग आयपी पत्त्याचा प्रश्नच उरत नाही. माहिती स्वतःच्या हाताने दिलेली असते. दुसऱ्या दिवशी केंद्रातून फोन येतो, कदाचित सगळे जेवायला बसलेले असताना.

सर्वांत अनपेक्षित गळती लॉगिनमधून होते. समजा, तिने त्याच इन्कॉग्निटो सत्रात दुसऱ्या टॅबमध्ये जीमेल उघडून पासवर्ड टाकला. एका वेळी उघडलेल्या सर्व इन्कॉग्निटो खिडक्या आणि टॅब कुकींचा एकच साठा वापरतात, त्यामुळे शोधाच्या टॅबमध्येही गूगल तिला ओळखू लागतो. पुढचे शोध तिच्या खात्याच्या नोंदीत जमा होतात, आणि myactivity.google.com येथे ते तारखेनिशी वाचता येतात. त्याच टॅबमधून यूट्यूबवर डॉक्टरांची एखादी मुलाखत पाहिली, तर ती खात्याच्या पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये जाते. आता दिवाणखान्यातला टीव्ही याच जीमेल खात्यावर चालत असेल, तर संध्याकाळी मालिका लावायला बसलेल्या सासूबाईंना यूट्यूबच्या पहिल्याच पानावर वंध्यत्वावरचे व्हिडिओ सुचवले जाऊ शकतात. लॅपटॉपवर खरोखरच काही उरले नव्हते. जे गूगलकडे उरले, ते टीव्हीच्या वाटेने घरात परत आले. म्हणून घरच्यांपासून लपणे आणि संकेतस्थळांपासून लपणे या दोन गोष्टी वेगळ्या असल्या, तरी एकीचे भोक दुसरीतून पडते.

लॉगिन केले नाही तरी पानावर एकटे ते केंद्रच नसते. बहुतेक संकेतस्थळे आपल्या पानांत इतर कंपन्यांचे छोटे प्रोग्राम बसवतात. भेटी मोजायला गूगल ॲनालिटिक्स, जाहिरातींसाठी फेसबुकचा पिक्सेल, एखादा नकाशा, एखादा व्हिडिओ. पान उघडताच ब्राउझर या प्रत्येकाकडे स्वतंत्र विनंती पाठवतो आणि तिच्यात आयपी पत्ता व संकेतस्थळाचे नाव, पुष्कळदा पानाचा पूर्ण पत्ताही असतो. इन्कॉग्निटोमध्ये क्रोम या तिसऱ्या पक्षाच्या कुकी अडवतो, त्यामुळे एका संकेतस्थळावरची व्यक्ती दुसऱ्यावर ओळखणे अवघड होते. पण विनंती थांबत नाही. पडद्याचा आकार, टाइमझोन, बसवलेले फाँट, ग्राफिक्स कार्ड अशा बारीकसारीक गोष्टी जुळवून तोच लॅपटॉप पुन्हा ओळखण्याचे तंत्रही वापरात आहे, आणि या गोष्टी दोन्ही खिडक्यांत बहुतांशी सारख्याच असतात.

अमेरिकेत यावरूनच मोठा खटला झाला. जून २०२० मध्ये काही वापरकर्त्यांनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात गूगलविरुद्ध दावा लावला, की इन्कॉग्निटोत असतानाही कंपनी ॲनालिटिक्स आणि जाहिरातींच्या साधनांतून माहिती गोळा करते आणि वापरकर्त्यांना उलट समज करून देते. संकेतस्थळांना वावर दिसू शकतो असे इन्कॉग्निटोच्या पानावरच लिहिले आहे, हा गूगलचा बचाव होता. निकालापूर्वीच हा खटला मोडीत काढण्याची कंपनीची मागणी न्यायाधीश इव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी २०२३ मध्ये फेटाळली. एप्रिल २०२४ मध्ये तडजोडीच्या अटी समोर आल्या. खासगी खिडक्यांतून जमा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायच्या किंवा कोणाच्या ते ओळखता येणार नाही अशा करायच्या, आणि इन्कॉग्निटोत तिसऱ्या पक्षाच्या कुकी मुळातूनच अडवण्याची सोय ५ वर्षे कायम ठेवायची, हे गूगलने मान्य केले. वापरकर्त्यांना सरसकट नुकसानभरपाई मात्र या तडजोडीत मिळाली नाही. इन्कॉग्निटोच्या पानावरचा मजकूरही बदलला. संकेतस्थळे आणि ती वापरत असलेल्या सेवा माहिती कशी गोळा करतात यात काही बदल होत नाही, आणि त्या सेवांत गूगलही आला, असे तिथे आता स्पष्ट लिहिलेले आहे. हे वाक्य पहिल्या दिवसापासून तिथे असायला हवे होते.

संकेतस्थळाच्या आधी, मधल्या वाटेवरही कोणी असते. पत्ता https ने सुरू होत असेल, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला पानावरचा मजकूर दिसत नाही, पण कोणत्या संकेतस्थळाशी जोडणी झाली ते साधारणपणे कळते. घरच्या राउटरलाही तेवढेच कळते, आणि काही राउटर अशा नावांची यादी ठेवतात. राउटरचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला ती पाहता येते. कार्यालयाच्या संगणकावर कंपनीने स्वतःचे सुरक्षा प्रमाणपत्र बसवलेले असेल, तर पूर्ण पानेही तपासता येतात.

घरच्यांपुरताच आडोसा हवा असेल, तर इन्कॉग्निटो पुरेसे आहे. त्यासाठी त्या सत्रात कोणत्याही खात्यात लॉगिन न करणे, उतरवलेली फाइल हाताने काढून टाकणे आणि शेवटी प्रत्येक टॅब बंद करणे एवढे पाळावे लागते. चुकून लॉगिन झाले असेल, तर गूगल खात्याच्या वावर-नोंदीत आणि यूट्यूबच्या इतिहासात जाऊन त्या नोंदी वेगळ्या पुसाव्या लागतात. संकेतस्थळापासून आयपी पत्ता लपवायचा असेल, तर व्हीपीएन तो बदलतो, पण मग हीच सगळी नावे व्हीपीएन कंपनीला दिसू लागतात. टॉर ब्राउझर विनंती तीन वेगवेगळ्या संगणकांतून फिरवून पाठवतो, त्यामुळे मधल्या कोणा एकाला व्यक्ती आणि संकेतस्थळ दोन्ही दिसत नाहीत. पाने मात्र हळू उघडतात आणि काही संकेतस्थळे त्याला आत घेत नाहीत. यांपैकी कशातूनही, फॉर्ममध्ये स्वतःचा मोबाइल नंबर भरल्यावर येणारा फोन थांबत नाही.