सोडियमच्या दोन रेषांच्या दहा रेषा

दूध किंवा वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. साध्या डोळ्यांना तो एकच पिवळा रंग वाटतो, पण चांगल्या वर्णपटमापकातून पाहिलं तर तिथे अगदी शेजारी-शेजारी दोन बारीक रेषा असतात. एक ५८९.६ नॅनोमीटरची, तिला डी-१ म्हणतात. दुसरी ५८९.० नॅनोमीटरची, ती डी-२. हीच ज्योत चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मध्ये ठेवली तर या रेषांचं काय होईल, हा प्रश्न मायकेल फॅरडेला पडला होता. १८६२ साली त्याने प्रयोग करून पाहिला, पण त्याच्या उपकरणांत काहीच फरक दिसला नाही.

चौतीस वर्षांनी, १८९६ मध्ये, हॉलंडमधल्या लायडेन इथे पीटर झेमान याने तोच प्रयोग पुन्हा केला. त्याच्याकडे जबर विद्युतचुंबक होता आणि रोलंडची जाळी होती. म्हणजे हजारो समांतर ओरखड्यांनी प्रकाशाचे रंग लांबवर पसरवणारा आरसा. चुंबक चालू केला की दोन्ही पिवळ्या रेषा जाड व्हायच्या, बंद केला की पुन्हा बारीक. त्याला सुरुवातीला दिसलं ते एवढंच. रेषा फुटताना दिसल्या नव्हत्या, फुगताना दिसल्या होत्या. पण लायडेनमध्येच असलेल्या हेंड्रिक लोरेंट्झने लगेच गणित मांडलं: अणूत विद्युतभार असलेला कण हेलकावत असेल, तर चुंबकीय क्षेत्रात एका रेषेच्या तीन रेषा व्हायला हव्यात. एक मूळ जागी, आणि दोन तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. पुढच्याच वर्षी झेमानने कॅडमियमच्या एका रेषेचं असं विभाजन दाखवलं, आणि १९०२ चं नोबेल पारितोषिक दोघांना मिळून दिलं गेलं.

आजही पदवीच्या परीक्षेत झेमान परिणामावर प्रश्न आला की बरेच विद्यार्थी डोळे मिटून ‘तीन’ लिहून मोकळे होतात. पण ज्या सोडियमवर हा शोध लागला, त्याच्याच रेषांच्या तीन-तीन रेषा होत नाहीत. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या टॉमस प्रेस्टनने अधिक सरस उपकरणं वापरून हे थोड्याच काळात दाखवून दिलं. डी-१ च्या चार रेषा होतात आणि डी-२ च्या सहा. आणि दोन्हींत मूळ जागा रिकामीच राहते! हे कोडं उलगडायला पंचवीस-एक वर्षं गेली. १९२५ मध्ये इलेक्ट्रॉनला स्वतःचा ‘स्पिन’ असतो ही कल्पना उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी मांडली, आणि तेव्हा कुठे हा हिशेब जुळला. हिशेब मात्र अवघड नाही. कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येतो.

अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उडी मारतो तेव्हा प्रकाश बाहेर पडतो. त्या प्रकाशाची रेषा कुठे पडणार हे दोन पातळ्यांमधल्या फरकावर ठरतं. प्रत्येक पातळीला एक अंक चिकटलेला असतो, त्याला J म्हणतात. इलेक्ट्रॉनचं कक्षेतलं फिरणं आणि त्याचा स्पिन यांची ती बेरीज. चुंबकीय क्षेत्र नसतं तेव्हा पातळी एकसंध असते. क्षेत्र लावलं की अणूच्या छोट्याशा चुंबकाला त्या क्षेत्राशी काही ठरावीक कोनांतच कलता येतं, आणि प्रत्येक कोनाची ऊर्जा किंचित वेगळी असते. म्हणून एका पातळीच्या 2J+1 पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीचा क्रमांक M. तो +J पासून एकेकाने उतरत −J पर्यंत जातो.

सोडियममध्ये दोन्ही पिवळ्या रेषांची खालची पातळी एकच आहे आणि तिचा J अर्धा आहे. म्हणजे तिच्या दोनच पायऱ्या, +१/२ आणि −१/२. डी-१ ची वरची पातळीही अर्ध्याचीच, तिच्याही पायऱ्या दोन. डी-२ ची वरची पातळी दीडची आहे. तिच्या पायऱ्या चार: +३/२, +१/२, −१/२ आणि −३/२.

आता उड्या मोजायच्या. वरच्या कुठल्याही पायरीवरून खालच्या कुठल्याही पायरीवर उतरता येत नाही. M बदलता कामा नये, किंवा बदललाच तर फक्त एकाने, वर किंवा खाली. डी-२ मध्ये +३/२ वरून −१/२ वर उतरायचं तर M दोनाने बदलेल, म्हणून ती उडी वर्ज्य. −३/२ वरून +१/२ वर जाणारीही वर्ज्य. एरवी चार गुणिले दोन म्हणजे आठ वाटा होत्या, त्यातल्या दोन गेल्या आणि सहा उरल्या. डी-१ मध्ये दोन गुणिले दोन, चारही वाटा नियमात बसतात. चार आणि सहा, एकूण दहा.

इथेच थांबलं तर उत्तर बरोबर येतं, पण हा फसवा विजय आहे. आपण उड्या मोजल्या, रेषा मोजलेल्या नाहीत. दोन वेगवेगळ्या उड्यांमधला ऊर्जेचा फरक नेमका सारखा निघाला तर त्यांच्या रेषा एकमेकींवर पडतात आणि एकच दिसते. तेव्हा प्रत्येक उडी रेषेला किती सरकवते हेही तपासावं लागतं.

त्यासाठी पायऱ्यांमधलं अंतर हवं. ते क्षेत्राच्या जोरावर अवलंबून असतं आणि प्रत्येक पातळीच्या g या गुणकावरही. हा गुणक काढायचं सूत्र आल्फ्रेड लांडे याने १९२१ मध्ये दिलं. सोडियमच्या खालच्या पातळीचा g आहे २, डी-१ च्या वरच्या पातळीचा २/३, आणि डी-२ च्या वरच्या पातळीचा ४/३. पायरीची उंची म्हणजे g गुणिले M, आणि रेषेचं सरकणं म्हणजे वरच्या पायरीच्या उंचीतून खालच्या पायरीची उंची वजा.

डी-१ घेऊ. वरच्या पायऱ्यांची उंची +१/३ आणि −१/३, खालच्यांची +१ आणि −१. चारही उड्यांच्या वजाबाक्या केल्या की −४/३, −२/३, +२/३ आणि +४/३ असे आकडे येतात. चारही वेगळे, आणि शून्य कुठेच नाही. मूळ जागी रेषा का उरत नाही, त्याचं कारण हेच. डी-२ मध्ये वरच्या पायऱ्या +२, +२/३, −२/३ आणि −२ वर जातात, खालच्या तशाच +१ आणि −१. सहा उड्यांचे आकडे −५/३, −१, −१/३, +१/३, +१ आणि +५/३. इथेही एकसुद्धा रेषा दुसरीवर पडत नाही आणि सहाही सारख्या अंतरावर उभ्या राहतात.

याच्या उलट कॅडमियमची ६४३.८ नॅनोमीटरची तांबडी रेषा पाहावी. तिची वरची पातळी J=2 ची, पायऱ्या पाच. खालची J=1 ची, पायऱ्या तीन. नियमात बसणाऱ्या उड्या मोजल्या तर नऊ भरतात. पण तिथे दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकमेकांना छेद देऊन शून्य झालेले असतात, त्यामुळे दोन्ही पातळ्यांचा g एकच, म्हणजे १. पायऱ्यांची अंतरं वर-खाली सारखी असल्याने नऊ उड्यांतून फक्त तीन आकडे निघतात: −१, ० आणि +१. प्रत्येक जागी तीन-तीन रेषा एकमेकींवर बसतात. लोरेंट्झच्या तीन रेषा खऱ्या ठरतात त्या इथे. माझ्या मते झेमान परिणाम शिकवताना सोडियम आणि कॅडमियम शेजारी-शेजारी मांडायलाच हवेत. नुसतं कॅडमियम शिकवलं की ‘तीन’ हे उत्तर डोक्यात पक्कं बसतं आणि मग निघत नाही.

कागदावरच्या दहा रेषा प्रत्यक्षात दिसण्याचा प्रश्न निराळा. एक टेस्ला क्षेत्रात सरकण्याचं एक माप, म्हणजे वरच्या आकड्यांतला १, साधारण ०.०१६ नॅनोमीटरचं असतं. डी-२ च्या दोन शेजारी रेषांत त्याच्या दोन तृतीयांश, जेमतेम ०.०११ नॅनोमीटरची फट पडते. एवढी फट दाखवायला ५८९ ला ०.०११ ने भागून येईल तेवढी, म्हणजे पन्नास हजारांहून अधिक विभेदनक्षमता लागते. शिवाय तप्त वाफेतले अणू इकडेतिकडे धावत असतात, त्यामुळे रेषेला मुळातच थोडी जाडी असते. क्षेत्र दहापट कमी केलं तर फट या जाडीत बुडून जाते आणि रेषा नुसती फुगलेली दिसते. क्षेत्र चालू-बंद केल्यावर रेषा जाड-बारीक होते पण फटी दिसत नाहीत, असं झालं तर समजावं की दोष हिशेबाचा नाही, एक तर क्षेत्र कमी पडतंय किंवा उपकरण.

कुठून पाहता यावरही संख्या बदलते. क्षेत्राच्या आडव्या बाजूने पाहिलं तर दहाही रेषा दिसतात. चुंबकाच्या ध्रुवाला आरपार भोक पाडून क्षेत्राच्या दिशेनेच पाहिलं, तर M न बदलणाऱ्या उड्यांचा प्रकाश त्या दिशेने येतच नाही. डी-१ मध्ये अशा दोन आणि डी-२ मध्येही दोन. त्यामुळे तिथून अनुक्रमे दोन आणि चार रेषाच दिसतात.

आणि हे सगळं क्षेत्र ‘दुर्बल’ असेपर्यंतच. दुर्बल म्हणजे किती, हे अणू ठरवतो. रेषांचं सरकणं हे डी-१ आणि डी-२ मधल्या ०.६ नॅनोमीटर अंतरापेक्षा खूप कमी असलं पाहिजे. त्या मानाने सोडियमला एक टेस्ला किरकोळच. लिथियमच्या ६७०.८ नॅनोमीटरच्या जोडरेषांमधलं अंतर मात्र इतकं कमी आहे की तेच एक टेस्ला तिला भारी पडतं. तिथे J हा अंकच निरुपयोगी होतो आणि वरची मोजणी लागू पडत नाही. १९१२ मध्ये पाशेन आणि बाक यांनी प्रबळ क्षेत्रातली ही अवस्था दाखवली.

हात बसवायचा असेल तर पाऱ्याच्या दिव्याच्या तीन रेषा घ्या. तिघींची वरची पातळी एकच, J=1, g=2. जांभळी ४०४.७ ची रेषा J=0 वर उतरते, निळी ४३५.८ ची J=1 वर, हिरवी ५४६.१ ची J=2 वर. शेवटच्या दोन पातळ्यांचा g आहे ३/२. निळीसाठी एक जादा नियम लागतो: वरचा आणि खालचा J सारखा असेल तर M शून्यातून शून्यात उडी चालत नाही. तो विसरलात तर निळीच्या सात रेषा येतील. बरोबर उत्तरं तीन, सहा आणि नऊ.