फोटोतल्या नाण्यावरून ठशाचं माप

शेताच्या बांधावर बिबट्याच्या पंजाचा ठसा दिसला की लोक फोटो काढतात. पण नुसत्या फोटोवरून ठसा मांजराचा की बिबट्याचा हेही सांगता येत नाही. शेजारी नाणं ठेवलं असेल, तर मात्र माप काढता येतं.

नाणं दहा रुपयांचं घ्यावं. त्याचा व्यास २७ मिमी असतो. एक रुपयाचं नाणं फसवतं: २०११ च्या मालिकेतलं सुमारे २२ मिमी, तर २०१९ च्या मालिकेतलं २० मिमी. कुठलं ठेवलं ते विसरलं, तर उत्तर दहा टक्क्यांनी चुकतं.

आता फोटो संगणकावर मोठा करून पडद्यावरच मोजपट्टी लावा. समजा, नाणं ५४ मिमी भरलं. म्हणजे फोटो खऱ्याच्या दुप्पट आहे. ठशाची रुंदी पडद्यावर १४४ मिमी भरली, तर खरी रुंदी ७२ मिमी. हे बिबट्याला शोभणारं माप आहे. मात्र दोन्ही मापं घेईपर्यंत फोटो लहानमोठा करू नका.

हा हिशेब सरळ वरून काढलेल्या फोटोला लागू पडतो. कॅमेरा तिरका होता का, हे नाणंच सांगतं. तिरक्या फोटोत ते लंबगोल दिसतं. समजा, ते आडवं ५४ आणि उभं ४७ मिमी भरलं, तर कॅमेरा सुमारे ३० अंश कललेला होता. अशा वेळी आडवं माप ५४ वरून आणि उभं माप ४७ वरून काढावं. ठशाची लांबी पडद्यावर उभी १३० मिमी असेल, तर दुपटीच्या हिशेबाने ती ६५ मिमी येते, पण ४७ च्या हिशेबाने जवळजवळ ७५. न्यायवैद्यक छायाचित्रणातल्या काटकोनी मोजपट्टीवर वर्तुळं छापलेली असतात, ती याच कामासाठी.

दुसरी चूक मात्र फोटोत सहजी दिसत नाही. ठसा मातीत रुतलेला असतो आणि नाणं वर, कडेच्या ढेकळावर. कॅमेऱ्याजवळची वस्तू मोठी दिसते. ठशापासून कॅमेरा ५० सेंमी वर आणि नाणं ठशाहून २ सेंमी उंच असेल, तर नाणं चार टक्के मोठं दिसतं आणि ७५ मिमीचा ठसा ७२ चा भासतो. २५ सेंमीवरून फोटो काढला, तर ही चूक दुप्पट होते. म्हणून नाणं ठशाच्याच पातळीवर टेकवावं, आत मात्र ठेवू नये, आणि थोडं लांबून झूम करून फोटो काढावा. नाणं आणि ठसा दोन्ही चौकटीच्या मध्याजवळ असावेत, कारण मोबाइलच्या रुंद भिंगात कडेच्या वस्तू ताणल्या जातात.

हातभर लांबीच्या वस्तूला नाणं पुरत नाही. नाण्याच्या मापातली एका टक्क्याची चूक मीटरभर लांबीत एक सेंटिमीटर होते. तिथे वस्तूइतकीच लांब पट्टी ठेवावी.

एवढं सांभाळूनही उत्तर ‘७२ मिमी, दोन-तीन इकडेतिकडे’ असंच लिहावं. शिवाय हे माप ठशाचं आहे. ओल्या चिखलात ठसा पसरतो आणि पंजाहून मोठा उमटतो, ते नाणं सांगू शकत नाही.