‘kal pan’चे देवनागरी कसे करावे?

आपल्यापैकी बरेच जण मोबाइलवर मराठी लिहितात, पण रोमन लिपीत. गप्पांपुरते ते ठीक असते. तोच मजकूर पालिकेकडे अर्ज म्हणून द्यायचा झाला, की पंचाईत होते. सोसायटीचे अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या जूनमध्ये रात्री साडेबाराला एका शेजारणीचा निरोप आला:

`kal pan pani gadhul aala. 3 divas zale. mula ajari padli. kon baghnar?`

पहिली अडचण अक्षरांची. रोमनमधला `n` हा न की ण, `l` हा ल की ळ, हे कळत नाही. `kal` म्हणजे काल, काळ किंवा कळ. `mula` म्हणजे मुला, मुळा किंवा मुलं. म्हणून एकेक अक्षर बदलत न जाता आधी पूर्ण वाक्याचा अर्थ लावायचा आणि मग शब्द लिहायचा. ‘गढूळ’मध्ये ढ, दीर्घ ऊ आणि ळ या तिन्ही गोष्टी आपल्यालाच भराव्या लागतात.

दुसरी अडचण बोलीतल्या रूपांची. `aala` वाचून ‘पाणी आला’ असे लिहिले, तर वाक्य बिघडते. बाईंनी बोलल्याप्रमाणे ‘आलं’ टंकले होते. अनुस्वार रोमनमध्ये गळाला. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनुसार असं, केलं ही रूपे पात्राच्या तोंडी चालतात. एरवी असे, केले लिहायचे. म्हणून अर्जात ‘आले’ आणि ‘मुले’.

तिसरी अडचण शुद्धलेखनाच्या पुस्तकात सापडत नाही. मध्यरात्र उलटून बारा तारीख लागली होती; मग ‘काल’ म्हणजे अकरा की दहा? मी सकाळी फोन केला. “अहो, मी झोपलेच नव्हते, माझ्या हिशेबी अकराच चालू होती,” त्या म्हणाल्या. म्हणजे ‘काल’ दहा तारीख. नऊपासून अकरापर्यंत रोज गढूळ पाणी आले होते आणि दोन मुले आजारी होती. अर्ज असा झाला:

‘आमच्या इमारतीत दि. ९ ते ११ जून या तिन्ही दिवशी नळाला गढूळ पाणी आले. याच काळात इमारतीतील दोन मुले आजारी पडली. कृपया पाण्याची तपासणी करून केलेली कार्यवाही आम्हांस कळवावी, ही विनंती.’

‘पाण्यामुळे मुले आजारी पडली’ असे मी लिहिले नाही, कारण ते तपासणीनंतरच ठरणार. ‘कोण बघणार?’ यातला संताप गेला, पण त्यामागची मागणी शेवटच्या वाक्यात राहिली. मजकूर पाठवण्यापूर्वी मूळ निरोप लिहिणाऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवावा. “मी असं म्हटलंच नव्हतं,” असे तो जिथे म्हणेल, तिथे आपण शुद्धलेखन नव्हे, अर्थ बदललेला असतो.