प्रदर्शनाचं निमंत्रण: तारीख, जागा आणि येण्याचं एक कारण

तलासरी तालुक्यातली एक वारली चित्रकार. तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन डहाणूत भरणार होतं. व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर टाकायचा मजकूर तिने एका ओळखीच्या माणसाकडून लिहून घेतला आणि मला पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, जरा नजर टाका." तो मजकूर असा होता:

"रेषांच्या आदिम लयीतून उमटलेल्या अंतर्मनाच्या अवकाशाचा शोध! निसर्ग आणि मानव यांच्यातील चिरंतन नात्याचा, नैसर्गिक रंगांतून आणि समकालीन दृश्यभाषेतून घडलेला चिंतनशील आविष्कार. कलारसिकांनी या रंगसोहळ्याचे साक्षीदार व्हावे. शुक्रवार ते रविवार, सकाळपासून. स्थळ: हायस्कूल हॉल, डहाणू. आपली उपस्थिती प्रार्थनीय."

हा मजकूर आम्ही दोघींनी फोनवर बसून पुन्हा लिहिला. ते काम कसं झालं ते क्रमाने सांगते. तिचं आणि शाळेचं नाव मी दिलेलं नाही, तारखाही नमुन्यादाखल घातल्या आहेत.

आधी खोडायचं काय

प्रत्येक वाक्याला मी दोन प्रश्न विचारते. हे वाक्य दुसऱ्या एखाद्या चित्रकाराच्या निमंत्रणात जसंच्या तसं चालेल का? आणि यात म्हटलेली गोष्ट हॉलमध्ये उभं राहून बोटाने दाखवता येईल का? "अंतर्मनाच्या अवकाशाचा शोध" हे शब्द अमूर्त चित्रांच्या, छायाचित्रांच्या, अगदी मातीच्या भांड्यांच्या प्रदर्शनालाही चालतील. आणि अवकाश कुणाला बोटाने दाखवता येत नाही. पहिली दोन वाक्यं अशी दोन्ही प्रश्नांवर गळाली. "रंगसोहळ्याचे साक्षीदार" हे तिसरंही गेलं, कारण त्यात नुसतं "या" एवढंच सांगितलेलं आहे.

"कलारसिकांनी" हा शब्द मात्र मी वेगळ्या कारणाने काढला. तो वाचून डहाणूच्या बाजारातला दुकानदार किंवा तलासरीच्या आश्रमशाळेतले शिक्षक समजतात की हे आपल्यासाठी नाही. भाताचं खाचर ज्यांनी रोज पाहिलं आहे, ती माणसं या शब्दाने बाहेर राहतात. हिची चित्रं सगळ्यांत बारकाईने वाचू शकतील ती तर हीच माणसं.

एक सावधगिरी इथे बाळगावी लागते. अवघड दिसणारा प्रत्येक शब्द बोजड नसतो. पालघट, पंचशिऱ्या, कणसरी ही देवदेवतांची नावं आहेत आणि तारपा हे वाद्य आहे. ती काढून "देवीचं चित्र" किंवा "पारंपरिक वाद्य" असं लिहिलं तर मजकूर सोपा न होता पोकळ होतो. नाव तसंच ठेवावं आणि त्याला चार शब्दांची ओळख जोडावी: "कणसरी, म्हणजे धान्याची देवी."

मग विचारायचं काय

खोडल्यावर हातात जवळजवळ काहीच उरलं नाही. अशा वेळी नवी वाक्यं रचायला बसू नये, चित्रकाराला बोलतं करावं. मी तिला विचारलं, "हॉलमध्ये शिरल्यावर समोर काय दिसेल?"

ती म्हणाली, "नऊ फुटांचं कापड आहे, ताई. भाताचं पूर्ण वर्ष लिहिलंय. राब भाजतात तिथून खळ्यापर्यंत. आणि बांधाला खेकडे आहेत, ते कुणाला पटकन दिसत नाहीत."

निमंत्रणाचा गाभा या चार वाक्यांत होता. "लिहिलंय" हा शब्दही तिचाच. तिच्या घरी चित्र काढत नाहीत, लिहितात. लग्नात भिंतीवर चौक लिहिला जातो, तसंच.

मग मी रंगांबद्दल विचारलं, कारण मजकुरात "नैसर्गिक रंगांतून" असं होतं. लग्नघरी गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा वापरतात. तिच्या कापडाला शेणाचा हात दिलेला होता, पण पांढरा रंग दुकानातला पोस्टर रंग होता, डिंक घालून केलेला. कापडाची गुंडाळी करायची असते. तांदळाचं पीठ त्यावर टिकत नाही, पापुद्रे निघतात. यात लपवण्यासारखं काहीच नाही. पण निमंत्रणात "नैसर्गिक" लिहिलं आणि चित्र विकत घेणाऱ्याने हॉलमध्ये विचारलं, तर ओशाळावं तिला लागलं असतं. म्हणून तो शब्द परत आणला नाही आणि जे खरं वापरलं आहे ते लिहिलं.

येण्याचं कारण

कारण म्हणजे जे फोनवर दिसत नाही आणि तिथे गेल्यावरच दिसतं ते. वारली चित्रांत हा फरक मोठा असतो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची जाळ्याची चित्रं आठवा. बारीक रेषांनी विणलेलं मासेमारीचं जाळं जवळजवळ पूर्ण चित्रभर पसरलेलं असतं. मोबाइलवर ते करडं धुकं वाटतं, समोर उभं राहिलं की एकेक धागा वेगळा होतो. अशा चित्राचं निमंत्रण लिहिताना "रेषांची जादू" म्हणायची गरज पडत नाही. "जवळ येऊन जाळं बघा" एवढं पुरतं.

हिच्या कापडाचं कारणही तसंच होतं: नऊ फुटांवर पसरलेलं भाताचं वर्ष आणि बांधावरचे न दिसणारे खेकडे. पण बोलता बोलता दुसरं कारणही निघालं. तिची आई सवाशीण म्हणून कित्येक लग्नांत चौक लिहायला गेली आहे आणि ती प्रदर्शनाला बसणार होती. मी विचारलं, "मग आईंनी तिथे चौक लिहून दाखवला तर?"

"नाही ताई. तो लग्नातच. तिथे आई फक्त सांगेल."

ही मर्यादा निमंत्रणात नेमकी उतरली पाहिजे. चौक ही भिंतीची सजावट नाही. त्यात पालघट देवी असते, तो सवाशिणी लिहितात आणि धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा लग्न लागतं. "पवित्र लग्नचौकाचं थेट प्रात्यक्षिक" असं छापलं असतं तर गावातल्या मोठ्यांना ते लागलं असतं आणि आलेल्या लोकांचीही फसगत झाली असती. "आई चौकाबद्दल सांगेल" यात जे होणार आहे तेच आहे आणि तेवढ्यासाठीही माणूस येतो.

दोन कारणं झाली, तिथे मी थांबले. तिच्याकडे आणखी पाच चित्रांच्या गोष्टी होत्या. त्या सगळ्या घातल्या असत्या तर एकही लक्षात राहिली नसती. त्या हॉलमध्ये सांगायच्या.

तारीख

"शुक्रवार ते रविवार" हे आठवडाभर खरं असतं, नंतर ते दिशाभूल करतं. व्हॉट्सॲपवरचा मजकूर दहा दिवसांनीही फिरत असतो आणि वाचणारा येत्या शुक्रवारी हॉलच्या बंद दारासमोर उभा राहतो. म्हणून वार, तारीख, महिना आणि वर्ष ही चारही लिहायची. वर्ष अनेकांना अनावश्यक वाटतं, पण जुनं निमंत्रण पुढच्या वर्षी कुणी पुढे पाठवलं तर तेच वाचवतं. वार आणि तारीख जुळतात का हे कॅलेंडर उघडून बघायचं. इथे चूक झाली तर लोक दोन्हीपैकी एकावर विश्वास ठेवतात आणि निम्मे चुकीच्या दिवशी येतात.

"सकाळपासून" याच्या जागी उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ हवी. बंद होण्याची वेळ इथे जास्त महत्त्वाची. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत येणाऱ्या लोकल मोजक्या आहेत. मुंबईहून येणारा माणूस परतीची गाडी बघूनच निघतो, आणि हॉल सहाला बंद होतो हे कळलं तर तो दुपारची गाडी पकडतो.

जागा

"हायस्कूल हॉल, डहाणू" हे गावातल्या माणसाला पुरेल, बाहेरच्याला नाही. रेल्वे स्टेशनचं नाव डहाणू रोड आहे आणि डहाणू गाव तिथून समुद्राच्या बाजूला आहे. नुसतं "डहाणू" वाचून माणूस स्टेशनवर उतरतो आणि पूर्वेला जायचं की पश्चिमेला हे त्याला कळत नाही. तलासरीला तर रेल्वे स्टेशनच नाही, ते मुंबई–अहमदाबाद महामार्गावर आहे. तिकडच्या नातेवाइकांना गाडीतून उतरल्यावर कुठे वळायचं ते सांगावं लागतं. म्हणून शाळेचं पूर्ण नाव, स्टेशनची बाजू, चालत किती मिनिटं आणि ओळखीची एक खूण, एवढं द्यायचं. मिनिटं अंदाजाने लिहायची नाहीत. मी तिला स्टेशनपासून चालून बघायला सांगितलं. तिने आधी पाच मिनिटं म्हटली होती, चालल्यावर नऊ निघाली.

पुन्हा लिहिलेला मजकूर

"वारली चित्रांचं प्रदर्शन, डहाणू रोड
शुक्रवार ९ ते रविवार ११ जानेवारी २०२६
सकाळी १० ते संध्याकाळी ६. प्रवेश मोफत.

नऊ फुटांच्या कापडावर मी भाताचं एक वर्ष लिहिलं आहे, राब भाजण्यापासून खळ्यापर्यंत. शेणाने सारवलेलं कापड, त्यावर पांढरा पोस्टर रंग. जवळ येऊन बघा, बांधावरचे खेकडे सापडतात का.

शनिवारी आणि रविवारी दुपारी ३ वाजता माझी आई लग्नातल्या चौकाबद्दल सांगेल. ती कित्येक लग्नांत सवाशीण म्हणून चौक लिहायला गेली आहे.

जागा: (शाळेचं पूर्ण नाव) यांचं सभागृह. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला, चालत ९ मिनिटं, (ओळखीची खूण) समोर.
काही चित्रं विकायला आहेत. मुलांना जरूर आणा."

शेवटची ओळ तिच्या सांगण्यावरून घातली. चित्रं विकायची आहेत की नुसती बघायची, हे लिहिलेलं नसेल तर घेणारा विचारायला लाजतो आणि न घेताच जातो.

पाठवण्याआधी

व्हॉट्सॲपवर लांब मजकूर अर्धाच दिसतो, उरलेल्यासाठी दाबावं लागतं. म्हणून काय, कुठे, कधी हे पहिल्या तीन ओळींत आहे. सोबत चित्राचा फोटो जातो तेव्हा तारीख आणि जागा फोटोवरही लिहायची, कारण फोटो पुढे पाठवताना खालचा मजकूर बऱ्याचदा मागे राहतो. उलट, सगळं फोटोवरच लिहून मजकूर रिकामा ठेवायचा नाही. फोटोवरचा पत्ता नकाशात टाकायला उचलता येत नाही.

शेवटची परीक्षा तिनेच घेतली. तिने मजकूर आईला वाचून दाखवला आणि विचारलं, "कधी, कुठे, कशाला?" आईने तिन्ही उत्तरं न अडखळता दिली. मग म्हणाली, "खेकडे नुसते बांधाला नाहीत, राबातही दोन आहेत. ते पण सांग." आम्ही मजकुरात ते घातलं नाही. ते दोन खेकडे येणाऱ्यांसाठी ठेवले.